स्तंभ कोठून उभा राहतो?

(नशिराबाद येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सभेच्या फलकावर आकडा लिहिला तर तो वाचणारे थोडे असतात. त्याच आकड्यांचे दोन स्तंभ काढले तर मात्र रस्त्याने जाणारा माणूसही क्षणभर थांबतो आणि कोणता उंच, कोणता बुटका हे पाहूनच पुढे जातो. आकडा त्याच्या लक्षात राहत नाही, उंची राहते. म्हणून स्तंभालेख काढणाऱ्यावर एक जबाबदारी येते. स्तंभांच्या उंचीत जेवढा फरक दिसतो, तेवढाच फरक आकड्यांत असला पाहिजे. ही जबाबदारी दोन ठिकाणी हुकते. एक, उभा अक्ष कोठून सुरू करावा याचा विचार होत नाही. दोन, ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ यांची चित्रे वेगवेगळ्या मापाने काढली जातात. या दोन्ही चुका समजून घेण्यासाठी जळगाव जिल्ह्याचाच एक आकडा घेणे योग्य ठरेल, कारण तो या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा आहे आणि त्याचे चित्र काढणे दिसते तितके सोपे नाही.

तो आकडा म्हणजे शून्य ते सहा वर्षे वयाच्या मुलांमधील लिंग-गुणोत्तर, अर्थात दर हजार मुलग्यांमागे मुली किती, याचे प्रमाण. २००१च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात हे प्रमाण ८८० होते. २०११च्या जनगणनेत ते ८४२ झाले. दहा वर्षांत ३८ने घट झाली. गर्भलिंगचाचणीविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. तो कायदा १९८८चा, केंद्राचा कायदा १९९४चा. म्हणजे ही घट कायद्याच्या अभावी झालेली नाही, तर कायदा पुस्तकात असताना झालेली आहे. हे लोकांपुढे मांडायचे तर फलक हवा, आणि फलकावर ८८० आणि ८४२ यांचे दोन स्तंभ हवेत. येथपर्यंत सर्वांचे एकमत होईल. मतभेद सुरू होतो तो स्तंभ काढायला बसल्यावर.

एकाच आकड्यांची दोन चित्रे

समजा, एक कार्यकर्ता आलेखकागद घेऊन बसला. त्याने तळाची रेघ शून्याची धरली आणि हजाराला पन्नास सेंटिमीटर हे माप ठरवले. म्हणजे दर वीस मुलींना एक सेंटिमीटर. २००१चा स्तंभ ४४ सेंटिमीटर उंच झाला, २०११चा ४२.१ सेंटिमीटर. दोन्हींत दोन सेंटिमीटरांचाही फरक नाही. दहा पावले दूर उभा राहिलेला माणूस म्हणेल की येथे काहीच घडलेले नाही. कार्यकर्ता निराश होतो. इतका गंभीर प्रश्न, आणि चित्र इतके निर्जीव!

दुसरा कार्यकर्ता तेच आकडे संगणकावर हिशेबाच्या तक्त्यात भरतो आणि स्तंभालेखाची कळ दाबतो. अशा प्रोग्रॅमची प्रचलित पद्धत अशी की सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांत एक-षष्ठांशाहून कमी अंतर असले तर तो अक्ष शून्यापासून सुरू न करता लहान आकड्याच्या थोडा खालून सुरू करतो. येथे अंतर ८८०पैकी अवघे ३८ आहे. तेव्हा अक्ष ८२०पासून सुरू होऊन ८९०पर्यंत जातो असे धरू. आता पहिला स्तंभ ८२०च्या वर ६० घरे उंच आहे आणि दुसरा २२ घरे. म्हणजे दुसरा स्तंभ पहिल्याच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर आला. पाहणाऱ्याला वाटते की जिल्ह्यातील मुली तिपटीने कमी झाल्या. कार्यकर्ता खूष होतो, कारण चित्र बोलू लागले आहे. परंतु ते खोटे बोलत आहे. खोटे बोलावे असे त्याच्या मनात नव्हते. यंत्राने निवडलेली तळरेघ त्याने मुकाट्याने स्वीकारली, एवढेच घडले.

खोटेपणा किती, हेही मोजता येते. एडवर्ड टफ्टी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९८३मध्ये त्यासाठी एक साधे माप सुचवले. चित्रात दिसणारा बदल भागिले आकड्यांतील बदल. दोन्ही सारखे असतील तर उत्तर एक यावे. येथे चित्रातील घट ६०पैकी ३८, म्हणजे सुमारे ६३ टक्के. आकड्यांतील घट ८८०पैकी ३८, म्हणजे सुमारे ४.३ टक्के. भागाकार पंधराच्या आसपास येतो. चित्र पंधरा पट फुगवलेले आहे. विरोधकाने हा भागाकार भर सभेत करून दाखवला, तर त्यानंतर खऱ्या ३८वरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

स्तंभालाच हा नियम एवढा कडक का लागू होतो, याचे कारण त्याच्या स्वरूपातच आहे. स्तंभ पाहताना डोळा लांबी मोजतो. दुप्पट लांब स्तंभ म्हणजे दुप्पट संख्या, हे कोणी शिकवावे लागत नाही. तळ कापला की लांबी आणि संख्या यांचे नाते तुटते. एक जण ओट्यावर आणि दुसरा जमिनीवर उभा करून कोण किती उंच हे ठरवत नाहीत. येथे तर दोघांचेही पाय छाटून उरलेल्या धडांची तुलना केलेली असते. काही चित्रांत तळाशी नागमोडी रेघ काढून ‘अक्ष तोडला आहे’ अशी कबुली दिलेली असते. पण कबुली वाचणारा विरळा. उंची मात्र सर्वांनाच दिसते. म्हणून स्तंभाचा अक्ष तोडू नये.

केवळ ठिपके मांडून, किंवा ठिपके रेषेने जोडून आलेख काढला तर गोष्ट वेगळी. तेथे डोळा लांबी पाहत नाही, ठिपक्याची जागा पाहतो. अशा आलेखाचा अक्ष ८००पासून सुरू केला तरी तो आपोआप खोटा ठरत नाही. मात्र अक्षावरील आकडे ठळक हवेत. ‘प्रत्येक आलेख शून्यापासूनच’ असा सरसकट दंडक घालणारे लोक स्तंभाचा नियम सर्वांना लावतात. नियम स्तंभाचा आहे, कारण स्तंभाला लांबी आहे.

शून्य कोणते?

पहिल्या कार्यकर्त्याची निराशा खोटी नव्हती, याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. त्याचे चित्र नियमाप्रमाणे बरोबर होते, तरी त्यातून घडलेली गोष्ट दिसत नव्हती. हा दोष शून्याचा नाही. त्याने मोजायची वस्तूच चुकीची निवडली होती.

हजार मुलग्यांमागे मुली शून्य, अशी स्थिती कोणत्याही समाजात कधीच येत नाही. या प्रमाणाला निसर्गाने स्वतःची एक पातळी दिलेली आहे. मनुष्यजातीत जन्माच्या वेळी साधारणपणे शंभर मुलींमागे १०५ मुलगे जन्माला येतात. म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली. अर्भकावस्थेत मुलगे काहीसे अधिक दगावतात, म्हणून ज्या समाजात मुलींची हेळसांड होत नाही तेथे सहा वर्षांपर्यंतचे प्रमाण यापेक्षा थोडे वरच जावे. तेव्हा ९५० ही पातळी धरणे हा सावध अंदाज झाला. प्रश्न ‘मुली किती आहेत’ हा नसून ‘असायला हव्या होत्या त्यांपैकी किती नाहीत’ हा आहे. अमर्त्य सेन यांनी १९९०मध्ये जगातील दहा कोटींहून अधिक स्त्रिया ‘हरवल्या’ आहेत असे जे मांडले, त्यामागची विचारपद्धती हीच होती. हजर असलेल्यांची गणती सर्वच करतात. त्यांनी गैरहजर असलेल्यांची केली.

आता जळगावचे आकडे त्या रीतीने मांडून पाहू. २००१मध्ये ९५० वजा ८८०, म्हणजे दर हजार मुलग्यांमागे ७० मुलींची उणीव. २०११मध्ये ९५० वजा ८४२, म्हणजे १०८ मुलींची उणीव. या उणिवेला मात्र खरे शून्य आहे. उणीव शून्य म्हणजे निसर्गात कोणी हात घातलेला नाही. म्हणून तिचे स्तंभ शून्यापासून काढावेत. एका मुलीच्या उणिवेला तीन मिलिमीटर असे माप घेतले तर पहिला स्तंभ २१ सेंटिमीटर आणि दुसरा ३२.४ सेंटिमीटर होतो. दूर उभ्या असलेल्या माणसालाही स्पष्ट दिसते की उणीव दीडपटीहून थोडी अधिक झाली. टफ्टीचा भागाकार केला तर उत्तर बरोबर एक येते. चित्र बोलके झाले, आणि खरेही राहिले. अक्ष कोठून सुरू करावा याचे समंजस उत्तर असे आहे: जेथे मोजल्या जाणाऱ्या वस्तूचा खरा अभाव असतो, तेथून. ती जागा सापडत नसेल तर वस्तूची निवड पुन्हा तपासावी.

या रीतीला मर्यादा आहेत, आणि त्या सांगितल्याशिवाय हे चित्र वापरू नये. पहिली मर्यादा अशी की ९५० ही पातळी मानलेली आहे. ९४० धरले तर उणीव ६० वरून ९८ होते, म्हणजे वाढ सुमारे ६३ टक्के. ९६० धरले तर ८० वरून ११८, म्हणजे वाढ सुमारे ४८ टक्के. ३८चा फरक कायम राहतो, पण पट बदलतो. म्हणून ‘पातळी ९५० धरली आहे’ हे वाक्य चित्राखाली लिहिलेच पाहिजे, आणि सोयीची पातळी शोधत बसू नये. दुसरी मर्यादा अशी की ही उणीव एकाच कारणाची नाही. गर्भातच झालेली निवड, जन्मानंतरची हेळसांड आणि गणतीत सुटलेल्या मुली, ही सारी तीत एकत्र आहेत. स्तंभ त्यांना वेगळे करू शकत नाही. तिसरी गोष्ट साधी, पण विसरली जाणारी आहे. लोकांना उंच स्तंभ म्हणजे प्रगती अशी सवय असते. येथे उंच स्तंभ म्हणजे अधोगती. म्हणून शीर्षकातच ‘कमी असलेल्या मुली’ असे शब्द हवेत आणि बाजूला ८८० व ८४२ हे मूळ आकडेही हवेत.

दोन चित्रे, एक गज

आता दुसऱ्या चुकीकडे वळू. ही चूक एका चित्रात दिसत नाही. दोन चित्रे शेजारी ठेवली की ती घडते.

बीड जिल्ह्यात याच दोन जनगणनांत प्रमाण ८९४ वरून ८०७वर आले. घट ८७ची, म्हणजे जळगावच्या दुपटीहून अधिक. समजा, दोन्ही जिल्ह्यांची चित्रे शेजारीशेजारी छापायची आहेत आणि प्रत्येक चित्राचा अक्ष त्याच्या त्याच्या आकड्यांना सोयीचा निवडला आहे. जळगावचा ८२० ते ८९०, बीडचा ७६० ते ९००. जळगावचे स्तंभ ६० आणि २२ घरांचे झाले. बीडचे १३४ आणि ४७ घरांचे. दोन्ही चौकटी कागदावर सारख्याच उंचीच्या आहेत. परिणाम असा की जळगावचा दुसरा स्तंभ पहिल्याच्या ३७ टक्के आणि बीडचा ३५ टक्के उंचीचा दिसतो. डोळ्याला दोन्ही चित्रे जवळजवळ एकच वाटतात. ८७ची घट आणि ३८ची घट यांतील सारा फरक पुसला गेला. बीडची विशेष भयावहता लपली, आणि जळगावची परिस्थिती आहे त्याहून वाईट भासली.

उपाय सोपा आहे. दोन्ही चित्रांना एकच अक्ष, एकच माप, एकच उंची. उणिवेच्या रूपात बीडचे आकडे ५६ आणि १४३ होतात. जळगावचे ७० आणि १०८. दोन्हींसाठी शून्य ते दीडशे असा अक्ष घेऊन एका मुलीला तीन मिलिमीटर हेच माप ठेवले तर बीडचे स्तंभ १६.८ आणि ४२.९ सेंटिमीटरांचे, जळगावचे २१ आणि ३२.४ सेंटिमीटरांचे होतात. मग दोन गोष्टी एका दृष्टिक्षेपात कळतात. २००१मध्ये जळगावची स्थिती बीडहून वाईट होती, आणि २०११मध्ये बीड जळगावला मागे टाकून फार खाली गेले. यांपैकी पहिली गोष्ट मघाच्या दोन चित्रांत दिसणे शक्यच नव्हते.

मापाची समानता म्हणजे केवळ अक्षाची समानता नव्हे. ज्या गजाने ‘पूर्वी’ मोजले त्याच गजाने ‘नंतर’ही मोजलेले असले पाहिजे. जळगावच्या आकड्यातच याचे उदाहरण आहे. २०११च्या जनगणनेचे तात्पुरते आकडे आधी प्रसिद्ध झाले. त्यांत जळगावचे प्रमाण ८२९ होते. अंतिम आकड्यांत ते ८४२ झाले. २००१चा अंतिम ८८० घेऊन शेजारी २०११चा तात्पुरता ८२९ ठेवला तर घट ३८ऐवजी ५१ दिसते. जुन्या कात्रणांतून आकडे उचलणाऱ्यांच्या हातून हे सहज घडते. अंतिमाशेजारी अंतिमच ठेवावा.

याहून मोठा धोका पुढच्या आकड्यांत आहे. २२ जानेवारी २०१५ रोजी पानिपत येथे ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेचा आरंभ झाला. पहिल्या शंभर जिल्ह्यांत महाराष्ट्रातील जे जिल्हे घेतले गेले, त्यांत जळगाव आणि बीड दोन्ही होते. या योजनेचे यश सांगताना केंद्र सरकार जन्माच्या वेळचे लिंग-गुणोत्तर देते. देशासाठी २०१४-१५मध्ये ९१८, २०२३-२४मध्ये ९३०. हे आकडे आरोग्ययंत्रणेकडे नोंदलेल्या जन्मांचे आहेत. जनगणनेचा ८४२ हा घरोघर जाऊन मोजलेल्या शून्य ते सहा वर्षांच्या मुलांचा आहे. एक आकडा एका वर्षात जन्मलेल्या बाळांचा, दुसरा सात वर्षांच्या काळात जन्मून जगलेल्या मुलांचा. तेव्हा ‘पूर्वी’ म्हणून जनगणनेचा ८४२ आणि ‘नंतर’ म्हणून आरोग्यखात्याच्या नोंदीतील एखादा आकडा असे दोन स्तंभ शेजारी उभे करणे म्हणजे धान्य आधी पायलीने आणि मग शेराने मोजून ते वाढले असे म्हणणे होय. योजनेच्या बाजूने हे केले तरी चूक, विरोधात केले तरी चूक.

योग्य गजाने मोजले तरी तळरेघेची खबरदारी येथेही सुटत नाही. ९१८ आणि ९३० यांचे स्तंभ ९१०पासून काढले तर ते ८ आणि २० घरांचे होतात आणि अडीचपट सुधारणा दिसते. खरी वाढ १.३ टक्के आहे. उणिवेच्या रूपात मांडले तर ३२ वरून २०, म्हणजे उणीव तिसऱ्या हिश्शाहून अधिक कमी झाली. सरकारच्या बाजूचा हा आकडा आहे म्हणून येथे निराळी रीत वापरता येणार नाही. जळगावची उणीव वाढल्याचे ज्या रीतीने दाखवले, त्याच रीतीने देशाची उणीव घटल्याचेही दाखवावे लागेल, आणि मग हवे तर नोंदी किती पूर्ण आहेत यावर वाद घालावा. त्या वादासाठी सामग्रीही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६मध्ये, महाराष्ट्रात मागील पाच वर्षांत जन्मलेल्या मुलांमधील हे प्रमाण ९२४ होते. पाचव्या फेरीत, २०१९-२१मध्ये, ते ९१३ झाले. याच काळात देशाचे प्रमाण ९१९ वरून ९२९ झाले. गज एकच, फेऱ्या दोन, आणि देशाची दिशा एक तर राज्याची दुसरी. मात्र सर्वेक्षण हे नमुन्यावर आधारलेले असते, आणि राज्याच्या आकड्यातील अकराचा फरक नमुन्याच्या चुकीच्या कक्षेत असू शकतो. म्हणून त्याचा स्तंभ काढताना जोर आवाजात नसावा.

गावच्या फलकावरचे आकडे

जळगाव जिल्ह्याचा या विषयाशी आणखी एक संबंध आहे. गावात महिन्याकाठी किती मुली आणि किती मुलगे जन्मले हे दाखवणाऱ्या ‘गुड्डा-गुड्डी’ फलकांचे विजेवर चालणारे, आकडे बदलत राहणारे रूप या जिल्ह्यात सुरू झाले, आणि त्याची नोंद देशपातळीवर घेतली गेली. लोकांचे आकडे लोकांपुढे ठेवण्याची ही कल्पना निःसंशय चांगली. परंतु तिच्यात तिसरी एक चूक दडलेली आहे, आणि ती अक्ष नीट काढूनही टळत नाही.

एखाद्या गावात एका महिन्यात दहा बाळे जन्मली. सहा मुलगे, चार मुली. हजारी प्रमाण काढले तर ६६७. पुढच्या महिन्यात चार मुलगे, सहा मुली. प्रमाण १५००. दोन्ही स्तंभ शून्यापासून काढले, माप एकच ठेवले, तरी चित्र सांगते की एका महिन्यात गावाचे मन पालटले. प्रत्यक्षात पालटल्या आहेत केवळ दोन मुली, आणि तेही नाणेफेकीसारखे. वर्षाला शंभर जन्म होणाऱ्या गावातही निव्वळ योगायोगाने मुलींची संख्या बहुतेक वर्षी सुमारे ३९ ते ५९ यांच्या दरम्यान कोठेही पडू शकते. त्यांचे प्रमाण ६३९पासून १४३९पर्यंत जाते. या हेलकाव्यात जळगावच्या ३८चा कोठे पत्ताही लागणार नाही. जिल्ह्याच्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो, कारण त्याच्यामागे लाखांनी मुले आहेत. एका महिन्याच्या दहा बाळांवर तो ठेवता येत नाही.

म्हणून नशिराबादसारख्या गावाने फलक लावला तर त्यावर हजारी प्रमाण लिहू नये. मुली इतक्या, मुलगे इतके, अशी निखळ संख्या लिहावी. या संख्येला खरे शून्य आहे, तेव्हा तिचे स्तंभ शून्यापासूनच निघतील. महिन्यांचे स्तंभ न काढता तीन किंवा पाच वर्षांची बेरीज घ्यावी, आणि ‘पूर्वी’ व ‘नंतर’ या दोन्ही बाजूंना वर्षे सारखीच घ्यावीत. एकीकडे पाच वर्षांची बेरीज आणि दुसरीकडे दोन वर्षांची, असे झाले तर स्तंभांची उंची केवळ वर्षांच्या संख्येमुळे बदलेल.

पुढची जनगणना

२०२१ची जनगणना झाली नाही. पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ असा जाहीर झाला आहे. ते आकडे हाती आले की २००१, २०११ आणि २०२७ असे तीन स्तंभ सर्वत्र काढले जातील, आणि बहुतेक ठिकाणी ते सारख्या अंतरावर उभे असतील. पण पहिल्या दोहोंत दहा वर्षे आहेत आणि नंतरच्या दोहोंत सोळा. आडव्या अक्षालाही माप असते. दहा वर्षांना दहा सेंटिमीटर दिले तर सोळा वर्षांना सोळा सेंटिमीटर दिले पाहिजेत. नाहीतर सोळा वर्षांतला बदल दहा वर्षांतला म्हणून खपेल, मग तो सुधारणेचा असो की घसरणीचा.

तेव्हा फलक रंगवायला देण्यापूर्वी कार्यकर्त्याने त्याच्यासमोर उभे राहून चार प्रश्न विचारावेत. स्तंभाची तळरेघ खऱ्या शून्यावर आहे काय? ज्या चित्रांची तुलना करायची त्यांचा अक्ष आणि चौकटीची उंची एकच आहे काय? ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’चे आकडे एकाच गणतीतून, एकाच वयोगटाचे आणि दोन्ही अंतिम आहेत काय? आणि ज्या संख्येवर प्रमाण काढले ती पुरेशी मोठी आहे काय? चौथ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले तर प्रमाण सोडून संख्या लिहावी. पहिल्या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर नाही असे आले तर फलक परत घ्यावा आणि नव्याने काढावा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत या जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ३८ मुली आणखी कमी झाल्या. हा आकडा जसा आहे तसा उभा राहण्याइतका भक्कम आहे. त्याच्या पायाखालची जमीन कापून त्याला उंच करण्याची गरज नाही.